अनोळखी ज्येष्ठांना मेल लिहिताना पहिल्या वाक्यात काय असावं?

मी भूजलाच्या क्षेत्रात काम करतो. महिन्याला चार-पाच मेल तरी अशा मुलामुलींचे येतात, ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही. सगळ्यांना मार्गदर्शन हवं असतं. आणि जवळपास प्रत्येक मेल एकाच वाक्याने सुरू होतो: ‘आदरणीय सर, आपण कुशल असाल अशी आशा करतो. मी अमुक विद्यापीठात अमुक वर्षाला शिकत असून मला आपल्या कामात खूप रस आहे.’

यात वाईट काही नाही. पण हे वाक्य माझ्यासाठी लिहिलेलं नाही. माझं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घाला, एक अक्षर बदलावं लागणार नाही. शिवाय मोबाइलवर मेल उघडण्याआधी विषयाखाली मजकुराची जेमतेम एखादी ओळ दिसते. ती ओळ माझ्या तब्येतीच्या चौकशीतच संपली, तर आत काय आहे ते कळायचं कसं? संध्याकाळी बघू म्हणून असा मेल बाजूला राहतो, आणि ती संध्याकाळ काही येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका मुलीला अशाच एका ज्येष्ठ संशोधकांना लिहायचं होतं. तिची अडचण खरी होती. उपसा चाचणीत आपण विहिरीतून ठरावीक वेळ पाणी उपसतो, मग पंप बंद करून पातळी पुन्हा कशी चढते ते मोजत बसतो. त्या चढण्यावरून आजूबाजूच्या खडकातून पाणी किती सहज वाहतं याचा अंदाज बांधतात. नेहमीची सूत्रं मात्र बारीक व्यासाच्या बोअरसाठी बेतलेली असतात. तिची विहीर होती ६ मीटर व्यासाची. तिथे पातळी एक मीटर उतरली म्हणजे २८ हजार लिटर पाणी गेलं, आणि ते खडकातलं नाही, विहिरीतच साठलेलं. त्यामुळे आलेखावर जी रेघ सरळ यायला हवी ती वाकडीच येत होती.

तिने पहिला खर्डा दाखवला, तो वर लिहिला तसाच. मी म्हटलं, “यात विहीर कुठे आहे?”

दुसरा खर्डा आला: ‘मोठ्या विहिरींवरचा आपला लेख वाचून मी अत्यंत प्रभावित झाले.’ आता लेख आला, पण तो वाचल्याचा पुरावा आला नाही. प्रभावित तर शीर्षक वाचूनही होता येतं. स्तुती ऐकायला कुणालाही आवडते, मलाही. पण स्तुतीला उत्तर काय द्यायचं? ‘धन्यवाद’ म्हटलं की विषय संपला.

तिसरा खर्डा: ‘आपण पंप बंद झाल्यानंतरच्या पहिल्या २० मिनिटांच्या नोंदी का वगळल्या, हे लेखात स्पष्ट होत नाही.’ हा मला सगळ्यात जास्त आवडला आणि हाच सगळ्यात धोक्याचा होता. नेमका आहे, लेख खरंच वाचल्याचं दिसतं, पण सूर लेखापरीक्षकाचा आहे. अनोळखी माणसाच्या पहिल्याच वाक्यात आपल्याला जाब विचारलाय असं वाटलं की समोरचा एक तर बचावाला उतरतो, नाही तर गप्प बसतो. गंमत म्हणजे तिच्या मनात जाब नव्हताच, तिची स्वतःची रेघ वाकडी येत होती. पण ती वाकडी रेघ वाक्यात कुठेच नव्हती. अडकलेली ती आणि वाक्यात अडकलेले ते, असा उलटा प्रकार झाला होता.

शेवटी गेलं ते हे: ‘आपल्या लेखातल्याप्रमाणे पहिल्या २० मिनिटांच्या नोंदी वगळूनही माझ्या ६ मीटर व्यासाच्या विहिरीचा आलेख सरळ येत नाही.’ वर फक्त ‘नमस्कार डॉक्टर’ आणि आडनाव. आपण कोण, कुठे शिकतो हे दुसऱ्या वाक्यात. तिसऱ्यात प्रश्न: अशा विहिरीत किती वेळाच्या नोंदी सोडाव्यात, की पद्धतच बदलावी?

स्वतःची ओळख दुसऱ्या वाक्यात ढकलणं अनेकांना उद्धटपणाचं वाटतं. म्हणून एक जुनं पत्र सांगतो. ४ जून १९२४ रोजी ढाका विद्यापीठातल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनना पत्र लिहिलं. प्रत्यक्ष ओळखदेख शून्य. सुरुवातीलाच ते म्हणतात की सोबत एक लेख पाठवला आहे, तो पाहून आपलं मत कळवावं. मग लगेच प्लांकच्या नियमातला कोणता गुणांक आपण वेगळ्या वाटेने काढला ते सांगतात. आपण पूर्ण परके आहोत, हा उल्लेख त्यानंतर येतो, तोही अत्यंत नम्रपणे. आइन्स्टाइननी तो लेख स्वतः जर्मनमध्ये आणून छापवून घेतला. अर्थात तो लेखच तसा होता, पत्राच्या सुरुवातीने काही चमत्कार केला नाही. पण विनय आणि आत्मपरिचय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आता माझी फजिती. उमेदवारीच्या काळात मी एका ज्येष्ठांना लिहिलं, पहिल्याच वाक्यात त्यांच्या एका लेखातल्या आकृतीचा उल्लेख करून. फार नेमकं, फार हुशार वाक्य. उत्तर दोन वाक्यांत आलं: तो लेख माझा नाही, शुभेच्छा. आडनाव तेच, आद्याक्षरं तीच, माणूस वेगळा. नेमकेपणा चुकला की मोघमपणापेक्षा जास्त महाग पडतो. तेव्हापासून लेखकाच्या नावापुढची संस्था आणि त्यांच्या स्वतःच्या पानावरची लेखांची यादी, दोन्ही जुळवून पाहिल्याशिवाय मी लेखाचं नाव घेत नाही.

आणखी एक खूण, जी लिहिणाऱ्याला दिसत नाही आणि वाचणाऱ्याला लगेच दिसते: वाक्यातलं लेखाचं शीर्षक वेगळ्या टाइपात किंवा किंचित मोठ्या आकारात असतं. म्हणजे साचा तयार आहे, फक्त शीर्षक चिकटवलंय. शीर्षक हाताने टाइप करा, किंवा सरळ त्या लेखात काय केलंय ते सांगा.

कुणी म्हणेल, माझा प्रश्न इतका तांत्रिक नाही, मला फक्त पुढे काय करावं हे विचारायचंय. तेव्हाही त्या माणसाने घेतलेला एखादा निर्णय पकडता येतो: ‘आपण दहा वर्षं क्षेत्रकाम करून मग संगणकी प्रारूपांकडे वळलात, मी आज त्याच वळणावर आहे आणि माझ्यासमोर दोन नोकऱ्या आहेत.’ याला उत्तर देता येतं. ‘मला दिशा दाखवा’ याला काय उत्तर देणार? पण असा निर्णय सापडलाच नाही, तर बहुधा आपण चुकीच्या माणसाला लिहितोय. कुणी ओळखीच्याने नाव सुचवलं असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून त्याचं नाव सर्वात आधी घ्यावं, त्याला विचारून.

त्या मुलीला नवव्या दिवशी उत्तर आलं. उत्तर नव्हे, उलटा प्रश्नच: विहिरीच्या तळाशी आडवे बोअर मारलेत का? तिने ते नोंदवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेप आणि टॉर्च घेऊन ती पुन्हा विहिरीवर गेली.