पिंपाचं झाकण उघडू नका

जुलै हा डेंग्यूविरोधी महिना. तो पार पडला, मोहीम झाली, फ्लेक्स उतरले. आता आयुक्तसाहेबांनी तुमच्याकडे 'परिणामकारकता अहवाल' मागितला आहे. घाबरू नका. लोकांना खरंच काही कळलं का, हे शोधणं अवघड असतं. त्यांना कळलं असं दाखवणं त्या मानानं सोपं आहे, आणि तुमच्याकडून मागितलंय तेही तेच.

सुरुवात पोहोचीपासून करा, कारण हा आकडा कधी दगा देत नाही. समजा तुमचं शहर 3 लाखांचं आहे. घंटागाडीवर महिनाभर डेंग्यूचं गाणं वाजलं. गाडी रोज 60 हजार घरांपुढे थांबते, घरी सरासरी 4 माणसं, म्हणजे रोज 2 लाख 40 हजार कान. (जोडीतला एकच धरायचा. प्रामाणिकपणा सोडू नये.) आता याला 30 दिवसांनी गुणा. पोहोच 72 लाख. शहरात तेवढी माणसं नाहीत, असं लेखा विभागातलं कोणीतरी म्हणेल. त्याला सांगा, हे 'इम्प्रेशन' आहेत, आणि पुढच्या पानावर जा. एका माणसानं 30 वेळा ऐकलं म्हणजे 30 माणसांनी ऐकलं असं होत नाही, हे त्याला जिना उतरताना सुचेल, तोवर बैठक संपलेली असेल. निदान एकदा तरी ऐकलेली वेगवेगळी माणसं किती, हे मोजायला घरोघरी जाऊन विचारावं लागतं. त्यात घंटागाडीवर कचरा टाकायला धाकटी सून जाते आणि पाणी भरून ठेवते सासू, अशा नसत्या भानगडी बाहेर येतात.

मग स्मरण. सर्वेक्षणाला माणूस पाठवताना त्याच्या हातात मोहिमेचं पत्रक दिसेल असं द्या, गळ्यात पालिकेचं ओळखपत्र घाला आणि प्रश्न असा ठेवा: "आपली डेंग्यूची मोहीम तुम्ही पाहिलीत ना?" दारात उभ्या असलेल्या सरकारी माणसाला नाही म्हणण्याइतकं आपल्याकडे कोणी उद्धट नसतं. शंभरात 72 'हो' सहज मिळतील.

काही उपद्रवी मंडळी उलट्या क्रमानं विचारतात. आधी नुसतं, "गेल्या महिन्यात आरोग्याबद्दल काही ऐकलं, पाहिलं?" आणि गप्प बसतात. मग डेंग्यूचं नाव घेतात. मग घोषवाक्य वाचून दाखवतात. न सुचवता आठवलेलं आणि सुचवल्यावर आठवलेलं वेगवेगळ्या रकान्यांत भरतात. त्याहून वाईट म्हणजे मधेच एक असं घोषवाक्य वाचतात, जे कधी छापलंच गेलं नाही. समजा त्यालाही शंभरातल्या 30 जणांनी "हो हो, ऐकलंय" म्हटलं, तर तुमच्या 72 मध्ये दूध किती आणि पाणी किती, हे सगळ्यांना दिसतं. हा प्रकार तुमच्या प्रश्नावलीत शिरू देऊ नका.

आणि काय आठवतं, हे तर मुळीच विचारू नका. डेंग्यूचा डास कुठल्या पाण्यात होतो, असं विचारलंत तर निम्मी आळी गटाराकडे बोट दाखवेल. एडिस अंडी घालतो घरातल्या साठवलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात: पिंपात, कूलरमध्ये, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत. पण फ्लेक्सवर फोटो गटाराचाच होता, कारण छापणाऱ्याकडे तोच होता. लोकांना तुमचा फ्लेक्स नीट आठवतोय, हीच पंचाईत आहे.

आता कृती. "आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळता का?" असं विचारा, शंभरातल्या 88 घरांचं उत्तर 'हो' लिहून घ्या आणि पुढच्या दाराकडे वळा. आत जाऊ नका. आशाताई किंवा आरोग्य सेवक बरोबर असेल तर त्याची बॅटरी आधी काढून घ्या. त्यांना सवय असते, पिंपाचं झाकण उचलायचं, पाण्यावर उजेड टाकायचा आणि वळवळणाऱ्या अळ्या बघायच्या. समजा त्याच शंभर घरांत त्यांना पाणी साठवलेली 240 भांडी सापडली आणि 16 घरांतल्या मिळून 24 भांड्यांत अळ्या निघाल्या. मग हाऊस इंडेक्स 16, कंटेनर इंडेक्स 10, आणि शंभर घरांमागे अळ्यांची भांडी 24, म्हणजे ब्रेटो इंडेक्स 24. तुमचे 88 'हो' त्या पिंपात बुडाले.

त्यातल्या कित्येकींनी पिंप खरंच रिकामं केलेलं असतं. फक्त घासलेलं नसतं. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या हजर. गाण्यात 'रिकामं करा' होतं. 'घासा' चालीत बसत नव्हतं.

ब्रेटो इंडेक्स छळायलाच लागला तर त्याची एक खोट हाताशी ठेवा: तो 200 लिटरचं पिंप आणि नारळाची करवंटी दोन्हींना एकच धरतो, डास किती निपजतील ते सांगत नाही. त्यासाठी कोष मोजावे लागतात. ही खोट खरी आहे, म्हणूनच वादात कामाला येते.

पण सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे पंचांग. पहिली पाहणी सप्टेंबरात करा, दुसरी जानेवारीत. पाऊस गेला, अंगणातली भांडी सुकली, थंडी पडली, डेंग्यूचे रुग्णही आपसूक कमी झाले. ब्रेटो 24 वरून 9 वर. पंधराची घट, मोहिमेचं यश. फक्त, जिथे मोहीम पोहोचलीच नव्हती त्या प्रभागात त्याच दोन महिन्यांत कोणालाही पाठवू नका. समजा तिथे 25 चे 11 झाले असतील, तर तिथेही चौदाची घट निघते, आणि वर्षभराच्या खर्चानं कमावलेला फरक उरतो एक. शंभर घरांच्या पाहणीत एवढा फरक तर नुसत्या योगायोगानंही पडतो. हिवाळ्याला कोणी बिल मागत नाही, म्हणून श्रेय आपण घ्यायचं.

एवढं करूनही एखादा प्रभाग हट्टीपणा करतो. लोकांना घोषवाक्य पाठ, डास पाणी साठवण्यातून होतो हे ठाऊक, घासायचं असतं हेही ठाऊक, आणि ब्रेटो जागचा हलत नाही. आमच्या ओळखीच्या एका अशाच पेठेत बाईंना विचारलं, कोरडा दिवस का पाळत नाही? त्या म्हणाल्या, "पाळतो की. आठवड्यातले सहा दिवस पाळतो. नळ सोमवारी येतो." दारात तीन पिंपं होती, काठोकाठ. ती रिकामी करायची तर पुढच्या सोमवारपर्यंत प्यायचं काय, असं त्यांनी पाहणी करणाऱ्यालाच विचारलं. पिंपाला कापड घट्ट बांधा, अळ्यांचं औषध टाकून घ्या, असं सांगायला हवं होतं. पण ते पत्रकावर नव्हतं. पत्रकावर पिंप उलटं केलेलं होतं.

प्रश्नावलीत 'पाळत नसल्यास कारण' या रकान्यात तीन पर्याय होते: माहिती नाही, वेळ नाही, गरज वाटत नाही. पाहणी करणाऱ्यानं थोडा वेळ पेन तोंडात धरलं, मग 'माहिती नाही' वर खूण केली आणि शेऱ्यात लिहिलं, निरंक.