नोकरीची खबर जिवलगाकडून का येत नाही

“ओळखी हजार असून उपयोग शून्य. नोकरी-धंद्याला शेवटी जिवलगच धावून येतात, कारण कळकळ त्यांनाच असते. वर्षातून एकदा हाय-हॅलो करणारा तुमच्यासाठी कशाला तोंड उघडेल? ओळखी वाढवण्यापेक्षा चार जिवलग जपा.”

असा एक मजकूर वाचनात आला. जिवलगांच्या कळकळीबद्दल माझा वाद नाही. पण नोकरीचं घोडं बहुतेक वेळा अडतं ते खबरीपाशी. जागा रिकामी होतेय हे कळलंच नाही, तर जिवलग कितीही तळमळला तरी करणार काय?

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना गाठलं. सगळे तांत्रिक, व्यवस्थापकीय वगैरे कामं करणारे. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून खबर मिळाली तो तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटायचा? त्याच्या १९७३ च्या लेखात अशा ५४ जणांची उत्तरं आहेत. आठवड्यातून निदान दोनदा भेट व्हायची असं सांगणारे १७ टक्क्यांच्या आसपास. सुमारे ५६ टक्क्यांची भेट अधूनमधून व्हायची आणि २८ टक्क्यांची वर्षातून एकदा किंवा तीही नाही. “मित्राने सांगितलं का?” असं विचारलं, की कित्येक जण त्यालाच दुरुस्त करायचे: मित्र नव्हे, ओळखीचा. ५४ हा आकडा लहान आहे, पण कल कुठे आहे ते दिसतं.

असं का होतं, ते धंद्यात जास्त स्पष्ट कळतं. डोंबिवलीत मॉड्युलर किचन करणारा एखादा कारागीर डोळ्यासमोर आणा. त्याचे चार जिवलग एकमेकांचेही जिवलग. कोणाच्या मेव्हण्याने फ्लॅट घेतला ही बातमी संध्याकाळपर्यंत पाचही जणांना कळलेली असते, म्हणजे कोणाकडेच नवीन सांगण्यासारखं काही उरत नाही. शिवाय चौघांची किचनं याने केव्हाच करून दिलेली, तीही ओळखीच्या भावात. आता तो ज्याच्याकडून प्लायवूड घेतो, तो दुकानदार बघा. दोघांचं बोलणं बिलापुरतंच. पण त्या दुकानात रोज नवे घरमालक लॅमिनेटचे नमुने चाळायला येतात आणि “चांगला कारागीर आहे का हो?” असं विचारतात. ती माणसं या पाच जणांच्या वर्तुळात कधीच आली नसती.

ग्रॅनोव्हेटरचं म्हणणं नेमकं हेच. तुमची दोघांशी घट्ट मैत्री असेल, तर त्या दोघांची आपसात निदान ओळख होतेच. म्हणून घट्ट नातं दोन वेगळ्या गोतावळ्यांमधला एकमेव पूल सहसा नसतं. पूल असलाच तर तो सैल ओळखीचा. याचं उलट मात्र खरं नाही: प्रत्येक सैल ओळख पूल नसते. तुमच्याच ग्रुपमधल्या कोणाचा चुलतभाऊ तुम्हाला नुसता तोंडओळखीचा असेल, तर त्याच्याकडूनही तीच जुनी बातमी येणार. (नेटवर्किंगच्या नावाखाली कार्डं वाटत सुटणारे हे विसरतात.)

तोंड उघडण्याचं म्हणाल, तर त्याला लागतं किती? न्यूटनमधले खबर देणारे बहुधा जुने सहकारी, जुने साहेब, कॉलेजातले ओळखीचे असे होते. योगायोगाने गाठ पडली, नाहीतर दोघांच्या ओळखीच्या कोणीतरी आठवण करून दिली, आणि सहज विषय निघाला. “आमच्याकडे माणूस हवाय” हे सांगायला ना खर्च, ना शब्द टाकायची जोखीम.

आता ‘चार जिवलग जपा’. इथे त्या मजकुरात थोडं तथ्य आहे. फेसबुकच्या माहितीवर झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं, की बहुतेकांना कामी येते ती सैल ओळखच, पण ती संख्येमुळे. एकास एक तोललं, तर घट्ट मित्र जास्त उपयोगी. चीनमध्ये तर यानजिए बियान या समाजशास्त्रज्ञांना तिआंजिन शहरात चित्र उलटं सापडलं. १९८८ साली तिथे नोकऱ्या सरकार वाटत असे. खबर पुरेशी नव्हती. अधिकाऱ्याने बेकायदा मेहेरबानी करायची, तर मधे दोन्हीकडचा विश्वासू माणूस लागायचा. आपल्याकडेही जिथे ‘वशिला’ चालतो, तिथे मामाच लागतो, प्लायवूडवाला नाही.

आणि ओळख जितकी सैल तितकी बरी, असंही नाही. लिंक्डइनवर सुमारे २ कोटी लोकांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी ठरल्या मध्यम सैल ओळखी, म्हणजे थोडेफार सामाईक परिचित असलेल्या. अगदी अनोळखी टोकाला फायदा पुन्हा घसरतो.

तेव्हा जुन्या ऑफिसातल्या ओळखीच्याला मेसेज कराल, तर “माझं काम करून द्या” असं लिहू नका. तेवढं ऋण त्या नात्यावर नसतं. “तुमच्याकडे सध्या कोणत्या टीममध्ये माणसं घेतायत?” एवढंच विचारा. शब्द टाकायची वेळ आली, की मग जिवलगाला फोन करा.