पाणी घातलेला राखाडी

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग काढायचा हा निर्णय आमच्या घरात नेमकं कोण घेतं ते मला कधीच कळलेलं नाही, पण एक दिवस फर्निचरवर चादरी आणि चहात पुट्टीचा धुरळा दिसायला लागला की समजायचं, घेतला गेलाय. यंदा त्यात डिझाईन होतं. टीव्हीच्या डावीकडची भिंत गडद निळी, उजवीकडची पांढरीशुभ्र, आणि दोन्हींच्या मधोमध एकेक मोठा राखाडी चौकोन, त्यावर म्हणे फॅमिली फोटो लावायचे. डबा एक, ब्रश एक, पेंटर एक, आणि दोन्ही चौकोनांवर दोन-दोन हात माझ्या डोळ्यांदेखत मारले गेले, हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढे साक्षीदार म्हणून माझी किंमत शून्य झाली.

संध्याकाळी सासूबाई आल्या, चपला काढता काढताच म्हणाल्या, "अगंबाई, हा निळ्यातला फिकट का मारलाय?" ही बघायला आली, तिलाही फिकट दिसला. मला पण दिसला, न दिसायला मी काय आंधळा आहे? निळ्यातला चौकोन चांगला उजळ, वर जरासा पिवळसर, आणि पांढऱ्यातला एकदम पावसाळी ढग.

"पाणी जास्त घातलंय," सासूबाईंनी निकाल दिला. पेंटर बिचारा म्हणतोय, "आजी, डबा एकच आहे हो," पण पाण्याचा आरोप एकदा झाला की दूधवाला असो की पेंटर, सुटका नाही.

मी म्हणलं, आई, हा डोळ्यांचा खेळ आहे. तीच वस्तू गडद रंगाच्या शेजारी उजळ दिसते आणि पांढऱ्याच्या शेजारी काळपट. डोळ्यातल्या पेशी नुसता उजेड मोजत नाहीत, शेजारपाजारशी तुलना करतात. मधे उजेड पडला की पेशी चेकाळते, पण आजूबाजूला उजेड पडला की दबते. चौकोनाभोवती पांढरी भिंत असेल तर ती दाबादाबी जास्त, म्हणून डोळा मेंदूला कळवतो की राखाडी काही फार उजळ नाही बरं का. निळ्या भिंतीत दाबणारं कोणी नाही, त्यामुळे तोच राखाडी ऐटीत. पिवळसर झाक पण त्यातलीच, रंग शेजाऱ्याच्या उलट्या बाजूला सरकतो, लाल भिंत असती तर हिरवट दिसला असता.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे पाणी नाही घातलं असं म्हणायचंय तुम्हाला?"

आता ह्या भांडणात पेंटर काही पहिला नाही. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा राजेशाही गालिचे विणायचा कारखाना होता, तिथल्या रंगाई खात्यावर 1824 साली शेव्हरल नावाच्या केमिस्टला नेमलं. तक्रारी तिथे पण हजर! काळी लोकर नीट काळी दिसत नाही, निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणली की मरगळलेली वाटते, खापर अर्थातच रंगाऱ्यांवर. शेव्हरलने ती लोकर दुसऱ्या कारखान्यांच्या काळ्या लोकरीशी ताडून बघितली, रंग पक्का निघाला, दोष शेजारच्या धाग्यांचा. ह्या एका तक्रारीपायी त्याने 1839 मध्ये जाडजूड ग्रंथ छापला, आणि स्वतः वयाच्या 102 वर्षांपर्यंत जगला. त्याच्याकडे सासूबाई आल्या नसाव्यात असा माझा अंदाज आहे.

दुसऱ्या दिवशी सासरे पुरावा घेऊन आले. निवृत्त इंजिनिअर, हवेतलं काही बोलत नाहीत. त्यांनी मोबाईलवर दोन्ही चौकोनांचे वेगवेगळे फोटो काढले होते आणि खरंच, निळ्यातला फोटोतही फिकट होता. "कॅमेऱ्याला तर सासूबाई नाहीत ना?" असं त्यांनी विचारलं नाही, पण चेहऱ्यावर तेच होतं. आता ह्यात गोम अशी की फोन एक्स्पोजर आपलं आपण ठरवतो. गडद भिंतीसमोर धरला की त्याला वाटतं अंधार आहे, तो सगळं उजळ करतो, पांढऱ्यासमोर धरला की सगळं काळवंडवतो. म्हणजे फोन पण शेजार बघूनच बोलत होता. दोन्ही चौकोन एकाच फोटोत, एकाच उजेडात आले पाहिजेत, तरच तुलनेला अर्थ.

तेही नको म्हणून मी पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्याला अंतर ठेवून दोन भोकं पाडली आणि बाबांना म्हणलं, सोफ्यावर बसा, एक डोळा मिटा, आणि हा असा धरा की प्रत्येक भोकातून फक्त राखाडी दिसेल, निळं-पांढरं काही नको. बाबांनी पुठ्ठा मागेपुढे केला, मग गप्पच. नंतर हळूच म्हणाले, "सारखे आहेत." पुठ्ठा खाली केला, पुन्हा वेगळे. वर, सारखे. खाली, वेगळे. असं ते जेवणाची हाक येईपर्यंत करत होते. पेंटरने खरंच पाणी घातलं असतं तर भोकातूनही फरक दिसला असता, ही ह्या पुठ्ठ्याची गंमत.

"पण आता माहीत झालं ना, मग वेगळे का दिसतात?" हा हिचा प्रश्न मात्र रास्त होता. माहीत असून काही उपयोग होत नाही. आपल्याकडेच प्रोजेक्ट प्रकाश म्हणून काम चालतं, जन्मापासून मोतीबिंदूमुळे न दिसणाऱ्या मुलांची ऑपरेशन्स करतात. त्यातल्या मुलांना पट्टी निघाल्यावर लगेच असे चौकोन दाखवले, तर त्यांनाही एक उजळ आणि एक गडदच दिसला. म्हणजे हे अनुभवाने शिकलेलं नसावं. पेशींच्या दाबादाबीने सगळं सुटतं असंही नाही हं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमध्ये राखाडी तुकडे बसवले तर कधीकधी बरोब्बर उलटं होतं, जास्त पांढरा शेजार असलेला तुकडाच उजळ दिसतो. त्यावर शास्त्रज्ञांची अजून जुंपलेली आहे. हे मी घरात सांगितलं नाही, पाण्याचा मुद्दा परत वर आला असता.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "ते पेशीबिशी राहू द्या, मला दोन्ही सारखे दिसले पाहिजेत." आता सारखे दिसायचे असतील तर रंग वेगळे हवेत. पेंटरने उरलेल्या राखाडीत काळं स्टेनर थेंब थेंब टाकलं, नमुना आधी पुठ्ठ्यावर लावून, वाळू देऊन, निळ्या भिंतीवरच टेकवून बघितला. हे महत्त्वाचं आहे, कारण दुकानातल्या शेड कार्डवर भोवती पांढरा कागद असतो, तिथे पसंत केलेला राखाडी निळ्या भिंतीवर जाऊन दगा देणारच. दोन-तीनदा खालीवर करून जमलं, निळ्यातल्या चौकोनावर नवीन गडद राखाडी मारला आणि दोन्ही एकदम जुळे दिसायला लागले. सासूबाई खूश, चहा झाला, पेंटरला लाडू मिळाला.

तेवढ्यात बाबांनी पुठ्ठा काढला, एक डोळा मिटला, आणि ओरडले, "अहो जावई, हे तर वेगळे आहेत! ह्याने एका डब्यात पाणी घातलंय!"