तळाचा थर काय सांगतो

«फोटो बघा. तळाशी पांढरा थर, वर काळपट पातळ मध, लेबलवर ‘१००% शुद्ध’. साखर मिसळलीय ना?»

या थरावरून तसं म्हणता येणार नाही. मधातलं ग्लुकोज फ्रुक्टोजपेक्षा कमी विरघळतं, म्हणून तेच आधी कण धरून खाली बसतं. साधारण १४ अंश सेल्सिअसला हे सर्वांत झपाट्याने होतं. मोहरीच्या फुलांचा मध तर काही आठवड्यांतच थिजतो. पण थिजला म्हणजे शुद्ध, असंही नाही. साखरेचा पाक घातलेला मधही थिजू शकतो.

मला काळजी वाटते ती वरच्या पातळ भागाची. ग्लुकोजचे कण खाली गेले की वर पाण्याचं प्रमाण वाढतं आणि तो भाग आंबू शकतो. फेस, फुगलेलं झाकण, आंबूस वास तपासा (वास काही फोटोत येत नाही!).

रंगाचं म्हणाल तर हीच बरणी खिडकीसमोर धरून फोटो काढा, सोनेरी दिसेल. मागे अंधार असला की काळपट. ‘शुद्ध’ हा विकणाऱ्याचा शब्द; मागच्या बाजूची घटकांची बारीक ओळ वाचा. तिथे ‘सिरप’ असेल तर प्रश्नच मिटला. नसेल, तर प्रयोगशाळेशिवाय खात्री नाही.