फुलांऐवजी देणगी: निधनवार्तेतल्या एका ओळीबद्दल

आई 2023 च्या नोव्हेंबरात गेली. सकाळी सहाला गेली आणि दुपारी चारला आम्ही पंचवटीतल्या अमरधामातून घरी परत आलो होतो. मधल्या वेळात माझ्या भाच्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि सोसायटीत एक मेसेज टाकला. त्याची शेवटची ओळ होती, ‘कृपया फुले आणू नयेत. फुलांऐवजी अंध मुलींच्या शाळेस देणगी द्यावी.’ हेतू चांगलाच होता, कारण आई निवृत्तीनंतर अठरा वर्षं त्या शाळेत मुलींना वाचून दाखवायला जात होती. तरी ती एक ओळ किती बाजूंनी चुकली, हे पुढच्या बारा दिवसांत कळलं. कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

पहिली चूक वेळेची. ही ओळ मुळात इंग्रजी मृत्युवार्तेतली आहे. तिकडे अंत्यविधी बऱ्याचदा काही दिवसांनी होतो, लोक फुलांच्या दुकानात पुष्पचक्र सांगून ठेवतात, त्यामुळे ‘त्या पैशांचं असं करा’ म्हणायला मध्ये वेळ असतो. आपल्याकडे माणूस गेल्यावर काही तासांत सगळं आटोपतं. बातमी कळली की माणूस वाटेत दिसेल तिथे हार घेतो आणि धावत येतो. तो मेसेज वाचेपर्यंत हार पिशवीत असतो. आईची एक जुनी सहकारी निशिगंधाचा हार घेऊन आली होती. दारात कुणीतरी मेसेजबद्दल बोलताना तिने ऐकलं आणि पिशवी तशीच बंद ठेवली. हार घेऊन परत गेली बिचारी. मला हे चौथ्या दिवशी समजलं.

म्हणून माझं स्पष्ट मत: त्या दिवशीच्या निरोपात फक्त कोण गेलं, किती वाजता निघायचं आणि कुठून, एवढंच असावं. देणगीचं शोकसभेच्या निवेदनात लिहावं. ते येईपर्यंत मध्ये आठ-दहा दिवस मिळतात, लोकांनाही आणि आपल्यालाही.

आणि आपल्याकडे त्या कार्यक्रमाला लोक फुलांपेक्षा दुसरंच आणतात. टॉवेल-टोपी, साडी, पाकीट. दुखवटा. नको असेल तर दुखवटा नको असं लिहावं. नुसतं ‘फुलांऐवजी’ लिहिलं तर फुलं येत नाहीत आणि अकरा टॉवेल येतात. (आमच्याकडे नऊ आले.)

मग मी आणि धाकटी बहीण निवेदन लिहायला बसलो. आधी शाळेत फोन केला. हा फोन न करता संस्थेचं नाव छापणारे लोक आहेत, मीही त्यातला एक होणार होतो. तिथल्या हिशेब बघणाऱ्या बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या.

एक तर शाळा ज्या नावाने गावात ओळखली जाते ते नाव बँक खात्याचं नाही. खातं चालवणाऱ्या विश्वस्त संस्थेचं आहे. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर ते वेगळंच नाव येतं आणि लोक फसवणूक समजून थांबतात. तेव्हा ‘खाते अमुक नावाने दिसेल’ हे लिहायलाच हवं. आणि आकडे चित्रात छापू नका, मजकूर म्हणूनही पाठवा. चित्रातला खातेक्रमांक हाताने उतरवताना लोक एखादा आकडा चुकवतात.

दुसरं, ‘ब्रेल पुस्तकांसाठी देणगी’ असं लिहिण्याचा आमचा विचार होता. त्या म्हणाल्या, तसं लिहिलंत तर ते पैसे पुस्तकांवरच खर्च करावे लागतील, आणि आम्हाला सध्या वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीची जास्त नड आहे. आम्ही ‘शाळेच्या कामासाठी’ असं केलं.

तिसरं पावतीचं. आयकरातल्या 80जीचं प्रमाणपत्र हवं असेल तर देणाऱ्याने नाव, पत्ता आणि पॅन संस्थेला कळवायला हवा. नुसती रक्कम आली तर ती कुणाची हे त्यांना कळत नाही. रोख रक्कम दोन हजारांच्या वर गेली तर त्यावर सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ही सवलतच नाही. हे सगळं खरं असलं तरी निवेदनात ‘80जी लागू’ छापायला मी नकार दिला. आईच्या फोटोखाली करसवलतीची जाहिरात मला बघवली नसती. पावतीसाठी शाळेचा फोन नंबर दिला, विचारणाऱ्यांना त्यांनी सांगितलं.

खरी गाठ पडली ती दादाच्या बाबतीत. तो न्यू जर्सीला असतो आणि आता अमेरिकेचा नागरिक आहे. शाळेकडे परदेशी देणगी घेण्याची, म्हणजे एफसीआरएची नोंदणी नाही. दादा म्हणाला, माझं नाशिकात रुपयांचं खातं आहे, त्यातून देतो. तेही चालत नाही. पैसे कुठल्या खात्यातले यापेक्षा देणाऱ्याचा पासपोर्ट कुठला हे बघितलं जातं. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी तो परदेशी नागरिकच, आणि अडचणीत येणार ती शाळा. उलट आमचा आतेभाऊ दुबईत आहे, पण भारतीय पासपोर्टवर. त्याने बँकेमार्फत पाठवलेली रक्कम चालली, शाळेने फक्त पासपोर्टची प्रत मागून घेतली. नोंदणी असलेल्या संस्थांनाही परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच घ्यावी लागते, ते नेहमीचं खातं नव्हे. हे निवेदनात लिहिलं नाही, परदेशातल्या नातेवाइकांना वेगळा निरोप केला. दादाने तिकडच्याच एका वाचनालयाला आईच्या नावाने पैसे दिले.

आता भाषा. ‘देणगी द्यावी’ यात देणं गृहीत धरलेलं असतं. ज्याला जमत नाही तो यायलाच संकोचतो. ‘हार स्वीकारले जाणार नाहीत’ हे तर सरकारी कार्यालयाच्या खिडकीवरचं वाक्य. आम्ही पाच-सहा वेळा खोडून शेवटी हे छापलं:

‘आई अंध मुलींच्या शाळेत अठरा वर्षे वाचून दाखवत असे. तिच्या आठवणीत कुणाला काही द्यावेसे वाटले, तर ते या शाळेच्या कामासाठी द्यावे, अशी आम्हा मुलांची इच्छा आहे. हार व दुखवटा आणू नये. आपण यावे, एवढेच.’

खाली संस्थेचं नाव, खातं आणि शाळेचा फोन. घरातल्या कुणाचाही यूपीआय नंबर नाही. ‘आमच्याकडे द्या, आम्ही पोचवू’ या वाटेने मी कधीच जाणार नाही. पुढे हिशेब आपल्याला द्यावा लागतो आणि पावती भलत्याच्याच नावाने निघते. सभेच्या दिवशी शाळेच्या एक बाई पावतीपुस्तक घेऊन मागच्या रांगेत बसल्या होत्या, दारात नव्हे. दारात बसवलं की ते तिकीट होतं.

महिन्याने शाळेकडून नावांची यादी आली. आम्ही फक्त नावं मागितली होती, रकमा नको म्हणून मुद्दाम सांगितलं होतं, म्हणजे आभाराचं पत्र सगळ्यांना सारखं जाईल. यादीत चौतीस नावं होती. त्यातली सहा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती.

निशिगंधाचा हार परत नेलेल्या त्या बाईही सभेला आल्या. त्यांच्या रुमालात अंगणातली चाफ्याची दोन फुलं होती. ‘हार आणू नये लिहिलंय, फुलं चालतात ना?’ त्यांनी मला विचारलं.