सारखे भाव, मोठा हिस्सा, फुकट सेवा: स्पर्धा कायदा नेमकं काय पकडतो

"सगळ्या कंपन्यांनी एकच भाव लावला म्हणजे कार्टेल, त्याला आणखी पुरावा कशाला हवा? पण लेखी करार सापडत नाही म्हणून शेवटी सगळे सुटतात. आणि अर्धा बाजार एकाच कंपनीच्या हातात गेला की ती कायद्याने दोषीच असते. फुकट वाटून बाकीच्यांना संपवणं तर उघड गुन्हा आहे."

स्पर्धा कायद्याचा विषय निघाला की अशी विधानं नेहमी कानावर येतात. कार्टेल म्हणजे स्पर्धकांनी भाव किंवा बाजार ठरवून घेण्यासाठी आपसात केलेलं संगनमत. पहिल्या विधानाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांत आहे. दोन्हीकडे सरकारी खरेदीदार होता, दोन्हीकडे निविदांमध्ये सारखे दर आले आणि भारतीय स्पर्धा आयोगाने दोन्हीकडे कंपन्यांना दोषी ठरवलं. तरीही न्यायालयात एक निष्कर्ष टिकला आणि दुसरा रद्द झाला.

पहिलं प्रकरण गोदामातलं धान्य किडीपासून वाचवायला वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचं. भारतीय अन्न महामंडळाच्या २००९ च्या निविदेत एक्सेल क्रॉप केअर, युनायटेड फॉस्फरस आणि संध्या ऑर्गॅनिक या तीन उत्पादकांनी किलोला ३८८ रुपये असा एकच दर भरला. कंपन्यांचं म्हणणं असं, की देशात हा माल बनवणारेच मोजके, प्रत्येकाला दुसऱ्याच्या दराचा अंदाज असतो, तेव्हा दर जुळणारच. मोजके विक्रेते असलेल्या बाजारात हा बचाव एरवी गंभीरपणे घ्यावा लागतो. इथे तो का टिकला नाही? कारण तिघांचे कारखाने वेगवेगळ्या ठिकाणी, खर्च वेगवेगळे, तरीही दर रुपयात जुळलेला. शिवाय हे एकदाच घडलेलं नव्हतं, आधीच्या निविदांतही दर असेच जुळत आले होते. त्यात महामंडळाच्या प्रवेशद्वारावरच्या नोंदवहीत निविदेच्या दिवशी यांचे प्रतिनिधी एकत्र आल्याची नोंद सापडली. एकेक गोष्ट वेगळी काढली तर प्रत्येकीचं काहीतरी स्पष्टीकरण देता येतं. सगळ्या एकत्र ठेवल्यावर त्यांच्यात आपसात समजूत झाली होती, एवढाच उलगडा उरतो.

याच प्रकरणात तारखेचाही मुद्दा निघाला. निविदा भरल्या गेल्या ८ मे २००९ ला आणि स्पर्धा अधिनियम २००२ चं कलम ३ लागू झालं २० मे २००९ ला. म्हणजे कायदा यायच्या आधीच सगळं झालं, असा युक्तिवाद झाला. निविदेची प्रक्रिया आणि त्या दरांचा परिणाम २० मे नंतरही चालू होता, म्हणून न्यायालयाने तो मान्य केला नाही. दोषाचा निष्कर्ष २०१७ मध्ये कायम राहिला. दंड मात्र कंपनीच्या सगळ्या उलाढालीवर न लावता त्या गोळ्यांच्या उलाढालीवरच मोजायचा, असं ठरलं. २०२३ च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा पुन्हा एकूण, तीही जागतिक उलाढालीशी जोडली आहे.

दुसरं प्रकरण स्वयंपाकाच्या गॅसच्या १४.२ किलोच्या सिलिंडरचं. इंडियन ऑइलच्या निविदेत अनेक उत्पादकांचे दर राज्याराज्यांत जुळले. निविदेच्या तोंडावर त्यांच्या संघटनेची मुंबईत बैठकही झाली होती. आयोगाने ४५ कंपन्यांना दोषी धरलं. २०१८ मध्ये, राजस्थान सिलिंडर्स प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने तो निष्कर्ष रद्द केला.

बैठकीचा पुरावा असूनही असं का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे. हा सिलिंडर विकत घेणाऱ्या देशात मुळात तीनच कंपन्या: इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम. चौथा गिऱ्हाईक नाही, त्यामुळे ऑर्डर मिळाली नाही तर कारखाना बसून राहतो. मागच्या वर्षीचा दर सगळ्यांना ठाऊक. इंडियन ऑइल स्वतःचा अंदाज काढते, सर्वांत कमी दरवाल्याशी वाटाघाट करते आणि मग इतरांनाही त्याच दराच्या आसपास ऑर्डर वाटते. अशा बाजारात भावाचा लगाम खरेदीदाराच्या हातात असतो. प्रत्येक उत्पादक कोणाशीही न बोलता जवळपास त्याच आकड्यावर पोचू शकतो, म्हणून दर सारखे असल्यावरून समजूत झाली असा निष्कर्ष निघत नाही. बैठकीला गेले होते ते सगळे बोली लावणारे नव्हते आणि बोली लावणारे सगळे बैठकीला नव्हते, त्यामुळे तोही धागा कमी पडला.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की कसोटी हाती लागते. भाव जुळले, एवढ्यावर थांबायचं नाही. संगनमत नसतं तरी हे भाव असेच जुळले असते का, हे विचारायचं. खरेदीदार किती, त्यांचा जोर किती, खर्चात फरक किती, किती वर्षं असं चाललंय आणि भाव जुळण्याशिवाय आणखी काय हाती आहे, यावर उत्तर ठरतं.

कलम ३(३) मध्ये 'गृहीत धरलं जाईल' असे शब्द आहेत आणि त्यांवरूनच बराच घोटाळा होतो. स्पर्धकांनी आपसात भाव ठरवले, पुरवठा आवळला, बाजार वाटून घेतला किंवा निविदेत संगनमत केलं, की त्याने स्पर्धेला बाधा पोचली असं गृहीत धरलं जातं. गृहीत धरली जाते ती बाधा. करार झाला होता, हे आधी दाखवावंच लागतं, आणि ते काम तक्रारदाराच्या आणि आयोगाच्या तपास यंत्रणेच्या वाट्याला येतं.

मग लेखी करार हाती नसेल तर? कलम २(ब) मध्ये कराराची व्याख्याच इतकी रुंद ठेवली आहे की तोंडी समजूत, ठरवून एकत्र उचललेलं पाऊल, हे सगळं त्यात बसतं. ती कागदावर हवी असं नाही आणि कोर्टातून बजावून घेण्यासारखी हवी असंही नाही. शिवाय आतला माणूस फुटण्याची वाट कायद्यानेच उघडी ठेवली आहे. कलम ४६ खाली कार्टेलमधली जी कंपनी पहिली येऊन महत्त्वाची माहिती देते, तिचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो. ड्राय सेल बॅटऱ्यांच्या कार्टेलमध्ये हेच घडलं. पॅनासोनिकने माहिती दिली, ईमेल हाती लागले आणि २०१८ च्या आदेशात तिचा दंड शंभर टक्के माफ झाला. एव्हरेडीला सवलत मिळूनही १७१.५५ कोटींचा दंड लागला. हा हिशोब कार्टेलमधल्या प्रत्येकाला माहीत असतो: दुसरा आधी आयोगाकडे गेला तर आपलं काय? 'सगळे सुटतात' म्हणणाऱ्यांनी हा आदेश तरी बघावा.

स्पर्धकांमधला करार आणि उत्पादक-विक्रेता यांच्यातला करार यांत मात्र फरक करायला हवा. मारुती सुझुकीने डीलरांनी गिऱ्हाईकाला किती सूट द्यायची यावर मर्यादा घातली होती. कोणी जास्त देतो का हे तपासायला गिऱ्हाईकाच्या वेशात माणसं पाठवली जात आणि सापडलेल्या डीलरला दंड होई. २०२१ मध्ये आयोगाने यासाठी २०० कोटींचा दंड लावला आणि कंपनी अपिलात गेली. हे कलम ३(४) चं क्षेत्र आहे आणि इथे बाधा गृहीत धरली जात नाही. नव्याने येणाऱ्यांची वाट अडते का, ग्राहकाचं काही भलं होतं का, हे तोलून पाहावं लागतं.

आता अर्ध्या बाजाराचं. कलम ४ मध्ये टक्केवारी नाही, पन्नास नाही आणि दुसरी कुठलीही नाही. स्पर्धकांचा दबाव न जुमानता वागता येईल किंवा स्पर्धक, ग्राहक किंवा बाजारावर आपल्या फायद्याचा परिणाम घडवता येईल, एवढी ताकद म्हणजे प्रबळ स्थान. बाजारातला हिस्सा हा त्याचा एक निकष आहे. नव्याने येणाऱ्याला किती अडचण आहे, ग्राहकाला दुसरा पर्याय आहे का, हेही कलम १९(४) खाली पाहिलं जातं. आणि प्रबळ असणं हा दोष नाहीच, त्या स्थानाचा गैरवापर हा दोष आहे. कोल इंडियाची मक्तेदारी तर कायद्यानेच दिलेली होती. तिच्यावर ठपका आला तो कोळसा पुरवठा करारातल्या एकतर्फी अटींमुळे, ज्यांत कोळशाच्या नमुन्याच्या आणि प्रतीच्या तपासणीच्या अटीही होत्या. २०१७ मध्ये आयोगाने तिला ५९१.०१ कोटींचा दंड लावला. सरकारी आणि कायद्याने स्थापलेली असली तरी स्पर्धा कायद्यातून तिची सुटका नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

फुकट सेवेबद्दलचा राग समजण्यासारखा आहे, पण कायद्यात पायऱ्या आहेत आणि त्या ओलांडता येत नाहीत. आधी कंपनी प्रबळ आहे हे दाखवायचं. मग भाव खर्चाखाली आहे हे दाखवायचं. शेवटी त्यामागे स्पर्धकाला हटवण्याचा हेतू आहे हे दाखवायचं. भारती एअरटेलने रिलायन्स जिओच्या फुकट योजनांविरुद्ध तक्रार केली तेव्हा जिओचा हिस्सा सात टक्क्यांच्याही आत होता. बाजारात इतर बलवान कंपन्या होत्या. आयोगाने २०१७ मध्ये जिओ प्रबळच नाही असं म्हणून प्रकरण पहिल्याच पायरीवर बंद केलं, पुढच्या दोन पायऱ्यांपर्यंत जाण्याची गरजच पडली नाही. आज त्याच योजना आल्या तर पहिल्या पायरीचं उत्तर नव्याने शोधावं लागेल.

खर्चाची पायरीही वाटते तशी नाही. आयोगाच्या नियमांत खर्च म्हणजे साधारणपणे सरासरी परिवर्तनीय खर्च, म्हणजे उत्पादन वाढवलं की वाढतो तेवढाच. समजा एका नगाचा एकूण खर्च ८० रुपये आहे आणि त्यात कच्चा माल, वीज, वाहतूक मिळून ५५. कंपनी ६० ला विकते तेव्हा तिला नगामागे २० चा तोटा होतो, तरी या कसोटीने भाव खर्चाखाली धरला जात नाही. ५० ला विकली तरच प्रश्न उभा राहतो, आणि तोही कंपनी प्रबळ असेल तर. ताळेबंदातला तोटा दाखवून केलेली तक्रार इथेच गळते.

ज्यांना खरोखर तक्रार करायची आहे त्यांच्यासाठी चांगली गोष्ट ही, की माहिती कोणीही देऊ शकतं. स्वतःचं नुकसान झालं असलंच पाहिजे असं नाही, हे डिसेंबर २०२० मध्ये समीर अग्रवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. मुदत मात्र आहे: कारण घडल्यापासून तीन वर्षं. संगनमताचा संशय असेल तर नुसता आजचा भाव न देता मागच्या काही निविदांचे किंवा दरबदलांचे तक्ते तारखांसह जोडावेत. कच्च्या मालाच्या भावाने ती वाढ समजावून सांगता येत नाही, हे त्यात दिसायला हवं. गैरवापराची तक्रार असेल तर पहिल्या पानावरच बाजारपेठ कोणती, वस्तू कुठली आणि प्रदेश कुठला, हे लिहावं. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर कलम २६(१) खाली प्रकरण आयोगाची तपास यंत्रणा असलेल्या महासंचालकांकडे तपासाला जातं, नाहीतर २६(२) खाली बंद होतं. बाजारपेठच नीट न मांडलेली तक्रार बहुधा दुसऱ्या वाटेने जाते.