लिंगाची बधिरता, मज्जातंतू आणि लवंगाचे तेल

“लिंगाची संवेदना कमी झाली की कारण एकच, हस्तमैथुन. त्याने तिथल्या नसा मरतात आणि रक्त पोहोचणे थांबते. याची कसलीही तपासणी नसते, डॉक्टरकडे जाऊन लाज घालवू नका. लवंगाच्या तेलाने सहा महिने रोज मालीश करा आणि वाट पाहा, नसा पुन्हा जिवंत होतात.”

वर उद्धृत केलेल्या मजकुरातले पहिले विधान शरीररचनेशीच जुळत नाही. लिंगावरील स्पर्श, वेदना, उष्णता आणि कंपन यांची जाणीव मुख्यतः प्युडेंडल नर्व्ह या मज्जातंतूची एक शाखा मेंदूकडे नेते. हा मज्जातंतू पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीतून निघतो, नितंबाच्या आत दोन मजबूत अस्थिबंधांच्या फटीतून वळतो, बसताना ज्या हाडांवर आपला भार पडतो त्यांच्या आतल्या अंगाने एका अरुंद नळीतून पुढे येतो, आणि मग त्याची ती शाखा जघनास्थीच्या खालून लिंगाच्या वरच्या बाजूने टोकापर्यंत पोहोचते. त्याला इजा होण्याच्या जागा या वाटेवर आहेत: कण्यातील चकती सरकून मज्जातंतूंची मुळे दाबली जाणे, ओटीपोटाच्या हाडाचा अस्थिभंग, त्या अरुंद नळीत किंवा जघनास्थीखाली दीर्घकाळ पडणारा दाब. हाताच्या घर्षणाने त्वचा काही तास बोथट वाटू शकते, परंतु त्याने हा मज्जातंतू मरत नाही.

यात एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती नाकारणे योग्य होणार नाही. काही पुरुषांना फार घट्ट पकडीची सवय लागलेली असते आणि त्यामुळे संभोगातील सौम्य स्पर्श त्यांना अपुरा वाटतो. अशा पुरुषाच्या लिंगावर डोळे मिटवून कापसाचा बोळा टेकवला, तर तो स्पर्श त्याला नेमका कळतो आणि टोचणीही टोचणीसारखीच जाणवते. मज्जातंतू शाबूत आहे आणि सवय बदलायची आहे, एवढाच याचा अर्थ होतो. ज्याला कापूसच कळत नाही, त्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

रक्ताविषयीच्या विधानात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. ताठरता आणण्यासाठी लागणारे रक्त आतल्या खोल धमन्यांतून येते, तर लिंगाच्या त्वचेचा रक्तपुरवठा बराचसा मांडीच्या मोठ्या धमनीच्या शाखांतून होतो. म्हणून मधुमेह, तंबाखू किंवा वाढलेल्या कोलेस्टेरॉलमुळे आतल्या धमन्या अरुंद झाल्या, की आधी ताठरता कमी पडते किंवा टिकत नाही. त्वचेची जाणीव बहुधा तशीच राहते. याच्या उलट, स्पर्श कळत नाही पण सकाळी जाग येताना ताठरता पूर्वीसारखीच असते, असे रुग्णाने सांगितले तर डॉक्टरांचे लक्ष रक्तवाहिन्यांपेक्षा संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूकडे वळते. ताठरतेचे नियंत्रण करणारे मज्जातंतूही निराळे असून ते प्रोस्टेट ग्रंथीला लगटून जातात. त्यामुळेच प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांची ताठरता जाते, पण त्वचेवरचा स्पर्श कळत राहतो. धमन्यांच्या आजाराने आलेली ताठरतेची तक्रार हलक्यात घेण्यासारखी नसते, कारण तोच आजार हृदयाच्या धमन्यांतही असू शकतो.

रक्त आणि मज्जातंतू हे दोन्ही एकाच वेळी दाबले जाण्याचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण सायकलच्या सीटचे आहे. नॉर्वेमध्ये ५४० किलोमीटरच्या सायकलफेरीत भाग घेतलेल्यांची डॉक्टरांनी पाहणी केली आणि ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. उत्तर देणाऱ्या १६० पुरुषांपैकी ३३ जणांना फेरीनंतर लिंगाची बधिरता जाणवली होती, आणि त्यांतील दहा जणांत ती आठवड्याहून अधिक काळ टिकली. अरुंद सीटच्या पुढच्या निमुळत्या टोकावर वृषणकोश आणि गुदद्वार यांच्यामधला भाग दाबला जातो, आणि नेमक्या तिथूनच हा मज्जातंतू व त्याच्या सोबतच्या धमन्या जातात. पुढे अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने पुढचे टोक नसलेल्या सीट वापरायला दिल्या गेल्या, तेव्हा त्या भागावरचा दाब उतरला, बधिरतेच्या तक्रारी घटल्या आणि लिंगाची स्पर्शसंवेदना मोजमापातही सुधारली.

आता तपासणीकडे वळू, कारण या मजकुराने सर्वांत मोठे नुकसान इथे केले आहे. तपासणी म्हणजे काय हे एका कल्पित पण नेहमी आढळणाऱ्या प्रकारच्या रुग्णावरून पाहू. समजा, पुण्यातील सेहेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आहेत. आठ वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, आहार शाकाहारी आहे, आणि साखर आटोक्यात यावी म्हणून गेल्या काही महिन्यांपासून ते दर रविवारी लोणावळ्यापर्यंत सायकलने जातात. लिंगाचे टोक बधिर वाटते ही त्यांची तक्रार आहे. घरातल्या सगळ्यांचे निदान ठरलेले असते: साखर. डॉक्टर मात्र आधी प्रश्न विचारतात. बधिरता कधी सुरू होते, किती वेळ राहते, नेमकी कुठे आहे? उत्तर येते की सायकलवर तासभर झाला की सुरू होते, सोमवारपर्यंत राहते, टोक आणि वरची बाजू दोन्हीकडे असते. लघवी व शौचावर ताबा नीट आहे का, पाठदुखी आहे का, पायांत ताकद कमी वाटते का, हर्नियाची शस्त्रक्रिया झाली आहे का, हेही विचारले जाते, कारण हर्नियाच्या शस्त्रक्रियेत जांघेतील दुसरा एक मज्जातंतू दुखावला तर बधिरता लिंगाच्या मुळाशी आणि वृषणकोशाच्या पुढच्या भागात येते, टोकावर नव्हे. औषधांची यादी पाहिली जाते. सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन, एसिटालोप्राम यांसारख्या नैराश्यावरील गोळ्यांनी काहींना जननेंद्रियांत बधिरता येते आणि क्वचित गोळ्या थांबल्यावरही ती राहते. तरीही अशी गोळी स्वतःहून एकाएकी बंद करू नये. शीघ्रपतनावरच्या फवाऱ्यांत तर बहुधा लिडोकेनसारखे बधिरीकरणाचे औषधच असते.

मग प्रत्यक्ष तपासणी होते. कापूस, बोथट टाचणी आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क एवढ्या साहित्यात तिचा मोठा भाग पूर्ण होतो. लिंगावर, मांडीच्या आतल्या बाजूला, गुदद्वाराभोवती आणि पावलांवर स्पर्श, टोचणी व कंपन तपासून बधिर भागाची सीमा काढली जाते. घोट्यामागचा प्रतिक्षेप, म्हणजे तिथे हलके ठोकल्यावर पाऊल आपोआप हलणे, पाहतात. हातमोजा घातलेले बोट गुदद्वारात ठेवून लिंगाचे टोक हलकेच दाबले, तर गुदद्वाराचा स्नायू क्षणभर आवळतो. हा प्रतिक्षेप आला म्हणजे कण्यातून निघणाऱ्या त्या मज्जातंतूंच्या मुळांतून संदेशांची ये-जा चालू आहे असे समजते. मात्र काही निरोगी पुरुषांतही तो बोटाला जाणवत नाही, म्हणून एकट्या त्याच्यावर निष्कर्ष काढत नाहीत.

आपल्या गृहस्थांच्या पायाच्या अंगठ्यावर कंपन थोडे लवकर विरते, बाकी सारे ठीक आहे. मधुमेहाची मज्जातंतूविकृती बहुधा सर्वांत लांब तंतूंपासून, म्हणजे पायांच्या बोटांपासून सुरू होते आणि वर सरकते. पावले जवळजवळ ठीक असताना लिंग बधिर होत असेल, आणि तेही सायकलच्या दिवशीच, तर दोष फक्त साखरेला देता येत नाही. रक्ततपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीएवनसी ७.२ टक्के आणि बी-१२ मात्र १६० पिकोग्रॅम, म्हणजे कमी, असे निघाले तर चित्र स्पष्ट होऊ लागते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने बी-१२ चे शोषण घटते, त्यात शाकाहाराची भर पडते, आणि ही कमतरता मज्जातंतूंना इजा करते. आता तीन-चार आठवडे सायकल बंद ठेवायची आणि बी-१२ ची इंजेक्शने सुरू करायची. बधिरता जर याच काळात जवळजवळ गेली तर मुख्य कारण सीट होते, कारण बी-१२ ने होणारी सुधारणा सहसा इतकी झटपट नसते. पुढे सीट रुंद व मध्ये खाच असलेली घ्यायची, तिचे पुढचे टोक वर उचललेले ठेवायचे नाही, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभे राहायचे. पायांतील कंपनाचा फरक मात्र राहिला, तर त्याचा पाठपुरावा वेगळा करायचा.

निदान एवढ्यावर झाले नाही तरच यंत्रांची पाळी येते. बायोथेसिओमीटरने कंपन जाणवण्याची पातळी मोजली जाते आणि ती वयानुसार वाचावी लागते, कारण वयाबरोबर ही जाणीव सर्वांचीच कमी होते. मज्जातंतूंतून विद्युत संदेश किती वेगाने जातो याच्याही चाचण्या आहेत, पण त्या जाड तंतूंच्या असतात. उष्णता व वेदना नेणारे बारीक तंतू बिघडलेले असूनही अहवाल सामान्य येऊ शकतो. लिंगाचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी, ही मात्र बधिरतेची चाचणी नाही. त्यात इंजेक्शनने ताठरता आणून आतल्या धमन्यांतील रक्ताचा वेग मोजतात आणि तो सेकंदाला २५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर धमनीचा दोष मानतात. ज्याची ताठरता चांगली आहे आणि फक्त स्पर्श कमी झाला आहे, त्याने हा खर्च करण्यापूर्वी डॉक्टरांना कारण विचारावे.

तेलाबद्दल थोडक्यात सांगता येईल. लवंगेच्या तेलातील युजेनॉल हे स्वतःच जागा बधिर करणारे द्रव्य आहे, म्हणून तर दातदुखीत ते वापरतात. संवेदना कमी झालेल्या त्वचेवर तेच रोज चोळले तर बधिरता वाढते, आणि दाह झाला तरी रुग्णाला तो उशिरा कळतो.

वाट पाहण्याचा सल्ला एका परिस्थितीत कायमचे अपंगत्व देऊ शकतो. कमरेतील चकती मोठ्या प्रमाणात सरकून मज्जातंतूंच्या मुळांचा संपूर्ण झुबका दाबला गेला, तर लिंग, वृषणकोश, गुदद्वार आणि मांड्यांचा आतला भाग, म्हणजे सायकलच्या सीटला टेकणारा सगळा भाग, काही तासांत किंवा दिवसांत बधिर होतो. सोबत लघवी अडते किंवा नकळत गळते, शौच कळत नाही, एका किंवा दोन्ही पायांत कळा आणि अशक्तपणा येतो. अशा माणसाने ओपीडीची वेळ न पाहता थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे आणि तिथे पहिल्याच वाक्यात सांगावे की बसण्याची जागा बधिर झाली आहे आणि लघवीवर ताबा राहिलेला नाही. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती लघवी उरली आहे हे सोनोग्राफीने लगेच पाहता येते, आणि संशय पक्का झाला तर त्याच दिवशी कमरेचा एमआरआय करून मुळांवरचा दाब काढण्याची शस्त्रक्रिया ठरवली जाते, कारण मूत्राशयाचा ताबा परत येण्याची शक्यता प्रत्येक उलटणाऱ्या तासागणिक कमी होत जाते.